न थांबणारा `while` लूप: चूक कागदावर कशी पकडायची

प्रोग्राम चालवला, एंटर दाबलं आणि पुढे काहीच घडलं नाही. उत्तर नाही, एरर नाही, नुसता कर्सर लुकलुकतोय. थोड्या वेळानं लॅपटॉपचा पंखा जोरात फिरायला लागतो. `while` लूप शिकायला सुरुवात केली की हा प्रकार लवकरच समोर येतो, आणि नवीन माणूस यात सगळ्यात जास्त अडकतो. कारण एरर आली तर निदान ओळीचा नंबर तरी मिळतो. इथे पायथनच्या दृष्टीनं काहीच चुकलेलं नसतं. सांगितलेलं काम तो इमानेइतबारे करत बसलेला असतो.

अशा वेळी कागद आणि पेन्सिल घेऊन एकेक ओळ हातानं चालवून बघायची, याला आपल्याकडे ड्राय रन म्हणतात. अनेकांना तो परीक्षेपुरता प्रश्न वाटतो. पण लूप का थांबत नाही हे शोधायला नवशिक्यासाठी याच्याइतकं खात्रीचं दुसरं साधन नाही, असं माझं ठाम मत आहे. फक्त तो नीट करावा लागतो. घाईत केलेल्या ड्राय रनमधून चूक सहज निसटते. ती कशी निसटते, हे पुढच्या उदाहरणात दिसेल.

## उदाहरण: संख्येतल्या अंकांची बेरीज

४७२ ही संख्या दिली तर ४ + ७ + २, म्हणजे १३ हे उत्तर यायला हवं. त्यासाठी लिहिलेला प्रोग्राम असा:

```python
n = 472
berij = 0
while n > 0:
    ank = n % 10
    berij = berij + ank
    n // 10
print(berij)
```

यामागची कल्पना बरोबर आहे. `n % 10` म्हणजे १० नं भागल्यावर उरणारी बाकी, म्हणजेच शेवटचा अंक. `n // 10` म्हणजे भागाकाराचा पूर्णांक भाग, म्हणजे शेवटचा अंक काढून टाकलेली संख्या. ४७२ चे ४७, मग ४७ चे ४, मग ४ चा ०. शून्य झालं की `n > 0` ही कंडिशन खोटी ठरणार आणि लूप संपणार. मनातला आराखडा असा चोख आहे. तरीही हा प्रोग्राम कधीच संपत नाही.

तुम्हाला चूक आधीच दिसली असेल तरी पुढचं वाचा. सात ओळींत दिसलेली चूक सत्तर ओळींत दिसत नाही, आणि तेव्हा पद्धतच कामी येते.

## पहिल्यांदा प्रोग्राम थांबवा

टर्मिनलमध्ये किंवा आयडलमध्ये `Ctrl+C` दाबा. नोटबुकमध्ये काम करत असाल तर थांबवायचं चौकोनी बटण असतं. थांबल्यावर शेवटच्या ओळीत `KeyboardInterrupt` असं दिसेल आणि त्याच्या वर लूपमधल्या कुठल्यातरी ओळीचा नंबर असेल. त्या नंबरावर चूक शोधायला जाऊ नका. तुम्ही कळ दाबली तेव्हा पायथन कुठे होता, एवढंच तो सांगतो. पुन्हा चालवून पुन्हा थांबवलंत तर कदाचित वेगळाच नंबर येईल. त्यातून कामाची माहिती एकच: अडकलेला लूप हाच आहे. प्रोग्राममध्ये दोन-तीन लूप असतील तर तेवढंही पुष्कळ असतं.

कधीकधी प्रोग्राम खरोखरच हळू असतो आणि आपल्याला तो अडकल्यासारखा वाटतो. म्हणून कागद हातात घेण्याआधी स्वतःला विचारा: बरोबर चालला असता तर या लूपच्या किती फेऱ्या झाल्या असत्या? इथे संख्या तीन अंकी आहे आणि प्रत्येक फेरीत एक अंक गळतो, म्हणजे तीन फेऱ्या. तीन फेऱ्यांना डोळ्याची पापणी लवण्याइतकाही वेळ लागत नाही. म्हणजे लूप हळू नाही, तो संपतच नाही.

## कागदावर तक्ता आखा

ओळींना १ ते ७ असे नंबर द्या. मग रकाने आखा: एक ओळीच्या नंबरासाठी, एक `while` च्या कंडिशनसाठी, आणि प्रत्येक व्हेरिएबलला स्वतःचा एकेक. इथे `n`, `ank` आणि `berij` असे तीन व्हेरिएबल आहेत. कंडिशनचा रकाना `n` च्या शेजारीच ठेवा, कारण तुम्हाला वारंवार त्या दोघांकडे एकत्र बघायचं आहे.

आता भरायचे नियम. हे वाचायला किरकोळ वाटतात, पण तक्त्याची सगळी विश्वासार्हता यांच्यावर उभी आहे.

कुठल्याही व्हेरिएबलच्या रकान्यात नवीन किंमत एकाच परिस्थितीत लिहायची: चालू असलेल्या ओळीत `=` च्या डाव्या बाजूला त्या व्हेरिएबलचं नाव असेल तर. नसेल तर तो रकाना तसाच राहतो, मग ओळीत कितीही गणित असो. (`for` लूप असलेल्या प्रोग्राममध्ये किंमत बदलण्याचे आणखी मार्ग असतात, पण या प्रोग्राममध्ये हा एकच आहे.)

`=` असलेली ओळ आली की आधी उजवी बाजू पूर्ण सोडवा. ती सोडवताना किमती तक्त्यातून उचला, डोक्यातून नाही. मग उत्तर डावीकडच्या नावाच्या रकान्यात लिहा.

जुनी किंमत खोडरबरानं पुसू नका. खाली नवीन ओळ घ्या. किमतीचा प्रवास दिसावा म्हणूनच तर हा तक्ता आहे. पुसलात तर तो प्रवासच हरवतो.

आणि लूपचा शेवट आला की पुन्हा `while` च्या ओळीवर जाऊन कंडिशन खरोखर तपासा. “बहुतेक खरी असेल” असं मनात म्हणून पुढे जायचं नाही.

## आता प्रोग्राम हातानं चालवा

ओळ १: `n` मध्ये ४७२. ओळ २: `berij` मध्ये ०. ओळ ३: ४७२ हे ० पेक्षा मोठं आहे का? आहे, म्हणून लूपच्या आत. ओळ ४: ४७२ ला १० नं भागल्यावर बाकी २, ती `ank` मध्ये. ओळ ५: ० अधिक २, म्हणजे `berij` झाली २.

ओळ ६. इथे थांबा.

ही ओळ आहे `n // 10`. डोकं लगेच म्हणतं, ४७. आणि हात `n` च्या रकान्यात ४७ लिहायला निघतो. ड्राय रन फसतो तो नेमका इथे. तुम्ही ४७ लिहिलेत तर पुढचा तक्ता सुंदर जमेल, तीन फेऱ्यांत १३ हे उत्तर येईल, आणि “कागदावर तर बरोबर येतंय, कॉम्प्युटरवर का येत नाही?” म्हणून तुम्ही बराच वेळ डोकं धराल. तुम्ही लिहिलेली ओळ चालवण्याऐवजी तुमच्या मनातली ओळ चालवली, म्हणून असं झालं.

नियमाकडे परत या. या ओळीत `=` आहे का? नाही. मग डावीकडे नाव असण्याचा प्रश्नच नाही. पायथननं ४७२ ला १० नं भागलं, ४७ हे उत्तर काढलं आणि ते कुठेच न ठेवता सोडून दिलं. `n` च्या रकान्यात काहीही लिहायचं नाही; तिथे अजून ४७२ च आहे.

हा नियम पाळून भरलेल्या तक्त्यात प्रत्येक फेरीच्या शेवटच्या किमती अशा येतात:

| फेरी | सुरुवातीला `n` | `n > 0` | `ank` | `berij` | शेवटी `n` |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४७२ | खरं | २ | २ | ४७२ |
| २ | ४७२ | खरं | २ | ४ | ४७२ |
| ३ | ४७२ | खरं | २ | ६ | ४७२ |

हा तक्ता आडवा वाचू नका, उभा वाचा. `berij` चा रकाना वाढतोय, त्यामुळे प्रोग्राम काहीतरी करतोय असं वाटतं. पण लूप थांबवणं `berij` च्या हातात नाही. कंडिशनमध्ये फक्त `n` आहे, आणि `n` चा रकाना वरपासून खालपर्यंत ४७२, ४७२, ४७२.

चौथी फेरी लिहायची गरज उरत नाही. कंडिशन फक्त `n` वर अवलंबून आहे आणि लूपच्या आतल्या एकाही ओळीत `n` ला नवीन किंमत मिळत नाही, म्हणजे एकदा खरी ठरलेली कंडिशन कायम खरीच राहणार. हा अंदाज नाही, पुरावा आहे. रात्रभर प्रोग्राम चालू ठेवूनही इतकी खात्री मिळाली नसती, कारण “अजून थोडा वेळ दिला असता तर संपला असता” ही शंका राहतेच.

## ही ओळ डोळ्यांना का फसवते

`n` बदलणारी ओळ लिहायचीच राहून गेली असती, तर पुन्हा एकदा वाचताना बहुतेकांच्या ते लक्षात आलं असतं. इथे ओळ आहे. योग्य जागी आहे, योग्य इंडेंटेशननं आहे, आणि तिच्यात `n` पण आहे आणि `10` पण. वाचणारा “हां, इथे n कमी होतोय” म्हणून पुढे सरकतो.

भर घालणारी आणखी एक गोष्ट आहे. पायथनच्या `>>>` या ओळीवर `n // 10` टाइप केलंत तर लगेच `47` छापून येतं. तिथे प्रयोग करून बघणाऱ्याची खात्रीच पटते की ही ओळ काम करते. पण तिथे दिसलं ते नुसतं उत्तर. त्यानंतर `n` टाइप करून बघा, `472` च येईल. फाइलमधून प्रोग्राम चालवल्यावर तर ते उत्तर छापलंही जात नाही.

पायथन याबद्दल तक्रार करत नाही, कारण त्याच्या नियमांत नुसतं गणित असलेली ओळ चालते. जावामध्ये `n / 10;` अशी नुसती ओळ कंपाइलच होत नाही. सीमध्ये ती कंपाइल होते, पण जीसीसी या कंपायलरला `-Wall` हा पर्याय दिला असेल तर या ओळीचा काहीच परिणाम होत नाही अशी वॉर्निंग येते. म्हणून सी शिकत असाल तर `-Wall` शिवाय कंपाइल करण्याची सवय लागू देऊ नका.

## दुरुस्ती, आणि पुन्हा तक्ता

ओळ ६ अशी हवी:

```python
    n = n // 10
```

`n //= 10` असंही लिहिता येतं, अर्थ तोच. सुरुवातीला मी लांब रूपच सुचवेन, कारण त्यात `=` आणि त्याच्या डावीकडचा `n` ठळक दिसतो.

दुरुस्ती केल्यावर लगेच प्रोग्राम चालवण्याचा मोह होतो. त्याआधी तक्ता पुन्हा भरा. आता तो चारच ओळींचा आहे.

| फेरी | सुरुवातीला `n` | `n > 0` | `ank` | `berij` | शेवटी `n` |
|---|---|---|---|---|---|
| १ | ४७२ | खरं | २ | २ | ४७ |
| २ | ४७ | खरं | ७ | ९ | ४ |
| ३ | ४ | खरं | ४ | १३ | ० |
| ४ | ० | खोटं | | | |

तक्ता पुन्हा भरायला का सांगतोय, तर घाईत `n = n / 10` असं लिहिलं जातं आणि तेही वरवर बरोबर दिसतं. पायथनमध्ये एक तिरकी रेघ म्हणजे दशांशासह भागाकार. मग पहिल्या फेरीच्या शेवटी `n` मध्ये ४७ नाही, ४७.२ येतं. दुसऱ्या फेरीत `ank` ७ च्या ऐवजी ७.२ च्या आसपास निघतो. गंमत अशी की हा लूप थांबतो: `n` दर फेरीला दहापट लहान होत होत इतका बारीक होतो की कॉम्प्युटरला तो शून्यापेक्षा वेगळा साठवता येत नाही. पण त्याला तीनशेहून जास्त फेऱ्या लागतात आणि उत्तर चुकीचं येतं. तक्त्यात हे पहिल्या फेरीच्या शेवटच्या रकान्यातच उघडं पडतं.

## एकाच वाटेवर राहून गेलेला बदल

आता थोडा कठीण प्रकार. अंकांची बेरीजच करायची आहे, पण शून्य आलं तर ते मिळवण्यात अर्थ नाही म्हणून कोणीतरी ते वगळायचं ठरवलं:

```python
while n > 0:
    ank = n % 10
    if ank == 0:
        continue
    berij = berij + ank
    n = n // 10
```

`n = n // 10` इथे आहे, `=` सकट आहे. ४७२ घेऊन चालवलंत तर १३ येतात. ३८१ घेतलंत तर १२. सगळं ठीक. मग एके दिवशी ४०५ दिलं जातं आणि प्रोग्राम अडकतो.

४०५ घेऊन तक्ता भरू. पहिली फेरी: `ank` ५, तो शून्य नाही, `berij` ५, `n` झाला ४०. दुसरी फेरी: `ank` आता ०. `if` खरं ठरलं, `continue` आलं. `continue` म्हणजे फेरीचा उरलेला भाग सोडून थेट `while` च्या ओळीवर. त्यामुळे शेवटची ओळ या फेरीत चाललीच नाही आणि `n` ४० च राहिला. तिसरी फेरी: पुन्हा ४०, पुन्हा ०, पुन्हा `continue`. उभ्या रकान्यात ४०, ४० दिसायला लागलं.

यावरून ड्राय रनसाठी संख्या कशी निवडायची ते कळतं. आवडती किंवा सोपी संख्या घेऊ नका. लूपमध्ये जितके `if` आहेत, त्या प्रत्येकाची खरी आणि खोटी अशी दोन्ही वाट चालली जाईल अशी घ्या. इथे आत कुठेतरी शून्य असलेली संख्या हवी होती. प्रत्यक्ष वापरात प्रोग्राम एखाद्या ठरावीक संख्येवरच अडकत असेल, तर काम आणखी सोपं: तीच संख्या तक्त्यात घ्या.

दुरुस्ती करताना `continue` च्या आधी `n = n // 10` ची आणखी एक ओळ टाकता येईल, पण मला तो उपाय पसंत नाही. एकच बदल दोन ठिकाणी लिहिला की पुढे कधीतरी एका ठिकाणी सुधारतो आणि दुसऱ्या ठिकाणी विसरतो. त्यापेक्षा `ank` काढल्यावर लगेच, `if` च्या वर, `n = n // 10` ठेवा. शेवटचा अंक `ank` मध्ये आलेला असल्यामुळे `n` मधून तो तेव्हाच काढायला हरकत नाही. आता कुठल्याही वाटेनं गेलं तरी `n` बदलल्याशिवाय फेरी पूर्ण होत नाही.

याच जातीच्या आणखी दोन चुका तक्त्यात अशाच दिसतात. एक म्हणजे `n = n // 10` चं इंडेंटेशन चुकून ती ओळ लूपच्या बाहेर जाणं. मग फेरी संपताना तुमची पेन्सिल त्या ओळीवर पोचतच नाही. दुसरी म्हणजे नावातला फरक, जसं `N = n // 10`. पायथनला `N` आणि `n` वेगळे, त्यामुळे तक्त्यात अचानक एक नवा रकाना आखावा लागतो. तक्ता भरताना न ठरवलेला रकाना लागला की तिथेच थांबून स्पेलिंग बघा.

## बदल होतो, तरी किंमत तीच

कोणी म्हणेल, ऋण संख्याही चालायला हव्यात, आणि कंडिशन `n != 0` अशी करेल. −४७२ घेऊन फक्त `n` चा रकाना भरा. पायथनचा `//` नेहमी खालच्या पूर्णांकाकडे जातो. −४७२ भागिले १० म्हणजे −४७.२, त्याच्या खालचा पूर्णांक −४८. मग −४.८ चा −५. मग −०.५ चा −१. मग −०.१ चा परत −१. आणि पुढे −१, −१, −१.

इथे `=` आहे, ओळ प्रत्येक फेरीत चालते, तरी किंमत −१ वर अडकते. “`n` बदलणारी ओळ आहे ना?” एवढंच बघणारा इथे फसेल, उभा रकाना वाचणारा फसणार नाही. उपाय म्हणजे लूप सुरू होण्याआधी `n = abs(n)` करून चिन्ह काढून टाकणं.

## कागद पुरत नाही तेव्हा

पन्नासाव्या फेरीत अडकणारा लूप हातानं चालवणं जिकिरीचं असतं. तेव्हा तोच तक्ता कॉम्प्युटरकडून भरून घ्या. `while` च्या खाली, लूपच्या आतली पहिली ओळ म्हणून हे टाका:

```python
    print(n, berij)
    input()
```

आता प्रत्येक फेरीच्या सुरुवातीला किमती छापल्या जातील आणि प्रोग्राम तुम्ही एंटर दाबेपर्यंत थांबेल. `input()` नसेल तर ओळी इतक्या वेगानं पळतात की काहीच वाचता येत नाही. या दोन्ही ओळी सगळ्यात वरच हव्यात; खाली ठेवल्यात तर `continue` त्यांनाही वगळेल आणि अडकलेल्या फेऱ्यांत स्क्रीनवर काहीच येणार नाही.

छापायच्या व्हेरिएबलमध्ये कंडिशनमधलं प्रत्येक नाव असलंच पाहिजे. कंडिशन `while i < len(yadi) and sapadla == False` अशी असेल तर `i` आणि `sapadla` दोन्ही छापा, आणि `len(yadi)` सुद्धा. कारण लूपच्या आत यादीतच भर पडत असेल तर `i` दर फेरीला वाढतो आणि यादीची लांबीही त्याच्यासोबत वाढत राहते. फक्त `i` कडे बघत बसलात तर सगळं सुरळीत चाललंय असंच वाटेल.

किमती अडकायला लागल्या ती फेरी सापडली की थांबा, त्या फेरीच्या सुरुवातीच्या किमती कागदावर उतरवून घ्या, आणि तेवढी एकच फेरी ओळीमागून ओळ हातानं चालवा.